सुपरवायझरच्या चिठ्ठीतून महिन्याचं मस्टर कसं भरायचं

नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ऑफिसचं काम नव्याने हातात घेतलं, की महिनाअखेरीला एक मेसेज येतो. सुपरवायझरने सगळ्या महिन्याची हजेरी एकाच दमात लिहून पाठवलेली असते. कोण कधी नव्हतं, कोण रजेवर गेलं, कोण अर्ध्या दिवसात निघून गेलं, सगळं एकापाठोपाठ एक. मालकाला मात्र हवं असतं मस्टर, म्हणजे एका बाजूला नावं, वर १ ते ३१ तारखा आणि प्रत्येक चौकटीत एक खूण.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. चिठ्ठीत फक्त वेगळं घडलेलं लिहिलेलं असतं. रोज वेळेवर येणाऱ्या माणसाबद्दल कोणी ओळ खर्च करत नाही. मस्टरला मात्र प्रत्येक माणसाची प्रत्येक तारीख लागते. पाच माणसं आणि ३१ दिवस म्हणजे १५५ चौकटी, आणि चिठ्ठीत त्यातल्या जेमतेम दहा-बारा चौकटींचा उल्लेख. उरलेल्या चौकटी कशाच्या आधारावर भरायच्या, यातच नवीन माणूस फसतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. महिना ऑगस्ट २०२५, वर्कशॉपची साप्ताहिक सुट्टी शनिवारी, माणसं पाच. नावं उदाहरणापुरती आहेत. चिठ्ठी अशी:

"संजय ११ ला आला नाही, ब्रह्मगिरीच्या फेरीला गेला होता, अर्ज नव्हता. वैशालीताई १८ पासून चार दिवस रजेवर, अर्ज दिलेला आहे. दत्तू पोळ्याला गावी गेला, २१ ते २४ नव्हता, दोन दिवसांची रजा मंजूर होती. इम्रान ७ तारखेला दुपारनंतर विचारून गेला. त्यानेच २३ च्या शनिवारी येऊन अर्जंट जॉब काढला, त्याची बदली सुट्टी २५ ला घेतली. प्रशांत ११ पासून कामावर. बाकी सगळे हजर."

आधी कॅलेंडर, मग माणसं

चिठ्ठी वाचून झाली की लगेच खुणा करायला बसू नका. आधी कोरं मस्टर आखा आणि माणसांवर अवलंबून नसलेल्या चौकटी भरून टाका. ऑगस्ट २०२५ ची १ तारीख शुक्रवारी होती. म्हणजे शनिवार आले २, ९, १६, २३ आणि ३०. या पाच रकान्यांत सगळ्यांना 'सा', म्हणजे साप्ताहिक सुट्टी. १५ ऑगस्टचा शुक्रवार स्वातंत्र्यदिनाचा आणि २७ तारखेचा बुधवार गणेश चतुर्थीचा. त्या दोन रकान्यांत 'सु'. उरले कामाचे २४ दिवस.

इथे सवयीने रविवारी सुट्टी टाकली जाते. शाळा-कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाच्या हाताला ते वळणच असतं. या वर्कशॉपमध्ये रविवार हा कामाचा दिवस आहे आणि चिठ्ठीत ते कुठेही लिहिलेलं नाही, कारण सुपरवायझरच्या दृष्टीने ती सांगायची गोष्टच नव्हे. तेव्हा साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आणि या महिन्यात सणाच्या सुट्ट्या कोणत्या, हे दोन प्रश्न नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. सुट्ट्यांची यादी सहसा नोटीस बोर्डावर लावलेली असते.

मग प्रत्येक माणूस कधीपासून कधीपर्यंत हजेरीपटावर आहे ते बघा. प्रशांत ११ तारखेला लागला. म्हणून १ ते १० या दहाही चौकटींत त्याला आडवी रेघ '—', अगदी २ आणि ९ च्या शनिवारीसुद्धा. त्या दिवशी तो कामगारच नव्हता, मग साप्ताहिक सुट्टी कसली? काही जण तिथे गैरहजर लावतात. मग पुढे कोणीतरी महिन्याचे खाडे मोजतो आणि नव्या पोराच्या नावावर पहिल्याच महिन्यात आठ खाडे दिसतात. महिन्याच्या मधे काम सोडून गेलेल्यालाही शेवटच्या दिवसानंतर अशीच रेघ.

चिठ्ठीची यादी करा

आता चिठ्ठीतलं प्रत्येक वाक्य फोडून एका कागदावर ओळीने लिहा. नाव, पासून, पर्यंत, काय झालं आणि त्याला आधार काय. वाक्यातून सरळ चौकटीत उडी मारली की चूक कुठे झाली ते नंतर सापडत नाही. मधे ही यादी असली की सापडतं.

| नाव | पासून | पर्यंत | काय | आधार |
|---|---|---|---|---|
| संजय | ११ सोम | ११ सोम | आला नाही | अर्ज नाही |
| वैशाली | १८ सोम | २१ गुरु | रजा | अर्ज आहे |
| दत्तू | २१ गुरु | २४ रवि | नव्हता | दोन दिवसांची रजा मंजूर |
| इम्रान | ७ गुरु | ७ गुरु | अर्धा दिवस | तोंडी परवानगी |
| इम्रान | २३ शनि | २३ शनि | सुट्टीच्या दिवशी काम | सुपरवायझर |
| इम्रान | २५ सोम | २५ सोम | बदली सुट्टी | २३ च्या बदली |
| प्रशांत | ११ सोम | | नवीन लागला | रुजू झाल्याची नोंद |

तारखेसमोर वार लिहायचा कंटाळा करू नका. सुपरवायझर वाराने विचार करतो आणि मस्टर तारखेने चालतं. दोन्ही शेजारी लिहिलं की विसंगती डोळ्यांत भरते. 'तिसऱ्या श्रावणी सोमवारी', 'पोळ्याला', 'गणपती बसले त्या दिवशी' असं लिहिलेलं असेल तर आधी तारीख काढा. २०२५ मध्ये तिसरा श्रावणी सोमवार ११ ऑगस्टला होता आणि पोळा २२ ला. ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे नाशिकमध्ये त्या सोमवारी हजेरी पातळच असते. त्यामुळे संजयची ११ तारीख जुळते. चिठ्ठीत १२ लिहिलं असतं, तर तिथेच थांबून विचारावं लागलं असतं.

'पासून' आणि 'ते' या दोन शब्दांवर जरा जास्त वेळ द्या. १८ पासून चार दिवस म्हणजे १८, १९, २०, २१. अठरात चार मिळवून २२ लिहिण्याची चूक फार सहज होते. मग वैशालीताई शुक्रवारी कामावर असूनही कागदावर रजेवर दिसतात आणि त्यांच्या शिल्लक रजेतून फुकट एक दिवस जातो. बोटांवर मोजा, लाज वाटायचं कारण नाही. 'ते' मध्ये दोन्ही टोकं धरायची असतात. म्हणून २१ ते २४ म्हणजे चार तारखा.

गैरहजर की रजा

माणूस का आला नाही यावरून 'र' किंवा 'गै' ठरत नाही. रजा मंजूर झाली होती की नाही, यावरून ठरतं. संजय फेरीला गेला, कारण चांगलं आहे, सगळ्या अंबडला माहीत आहे. पण अर्ज नव्हता, म्हणून 'गै'. उद्या मालकांनी मागाहून रजा मंजूर केली तर 'गै' चा 'र' होईल, पण तो त्यांच्या सहीने. तुमच्या मनाच्या मोठेपणाने नाही.

दत्तूचं प्रकरण यातलं सगळ्यात गुंतागुंतीचं. तो चार तारखांना नव्हता. त्यातला २३ चा शनिवार सुट्टीचा. म्हणजे कामाचे दिवस बुडाले तीन: गुरुवार २१, शुक्रवार २२ आणि रविवार २४. रजा मंजूर दोन दिवसांची. मग तिसऱ्या दिवसाचं काय, आणि मंजूर झालेले दोन दिवस नेमके कोणते? चिठ्ठी इथे गप्प आहे. अर्ज काढून बघितला, तर त्यावर २१ आणि २२ लिहिलेलं निघालं. म्हणून त्या दोन चौकटींत 'र', २३ ला 'सा' आणि २४ ला सध्या पेन्सिलने प्रश्नचिन्ह.

मधल्या शनिवारचं काय करायचं यावर प्रत्येक ऑफिसात वाद असतो. रजा आणि खाडा यांच्या मधे अडकलेली सुट्टीही कापायची, असं म्हणणारे भेटतील. ऑगस्ट २०२५ मध्ये लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ७९ मध्ये वार्षिक भरपगारी रजा मोजताना मधे किंवा टोकाला येणारी सुट्टी रजेत धरू नये असं लिहिलं होतं. तुमच्या वर्कशॉपला कोणता कायदा आणि कोणते नियम लागतात ते मालक आणि लेबर कन्सल्टंट बघतील. पगार कापायचा की नाही हा पुढचा हिशेब. मस्टरमध्ये त्या दिवशी वर्कशॉप बंद होतं एवढंच सांगायचं असतं, म्हणून 'सा' तसाच ठेवा.

इम्रानच्या तीन नोंदी आहेत. शनिवारी २३ ला तो आला, म्हणून छापलेला 'सा' काढून 'ह'. त्याच्या बदल्यात २५ ला घेतलेल्या सुट्टीला वेगळी खूण 'ब'. २५ ला नुसतं 'सा' लिहिलं तरी बेरीज जुळेल. पण सोमवारी साप्ताहिक सुट्टी कशी आली, हा प्रश्न सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतोच, आणि तेव्हा सांगणारं कोणी नसतं. शेऱ्यात '२३ चे बदली' एवढं लिहून ठेवा.

७ तारखेच्या अर्ध्या दिवसाला मी 'ह/र' लिहितो. आधीचा अर्धा हजर, नंतरचा रजेत. अर्धा बिनपगारी असेल तर 'ह/गै'. एक्सेलमध्ये अर्ध्या दिवसासाठी १/२ इंग्रजी आकड्यांत टाइप करू नका. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि चौकटीत भलतंच काहीतरी दिसायला लागतं.

विचारा, मगच 'ह' भरा

आता सुपरवायझरला फोन. प्रश्न असा विचारा की उत्तर हो किंवा नाही येईल, आणि प्रश्नात तारीख-वार दोन्ही असू द्या. "दत्तूचं काय करायचं?" असं विचारलं की उत्तर येतं, "अरे लिहिलंय ना!" त्यापेक्षा असं बोला:

"भाऊ, दत्तूची रजा अर्जावर २१ आणि २२ ची आहे. रविवारी २४ ला तो आला नाही, तो दिवस गैरहजर लावू ना?"

"हो, लाव. त्याला सांगितलं होतं मी रविवारी ये म्हणून."

"आणि वैशालीताई शुक्रवारी २२ ला आल्या होत्या?"

"आल्या होत्या. डिस्पॅच त्यांनीच केलं."

"इम्रानचा ७ चा अर्धा दिवस रजेत टाकू?"

"रजेत टाक."

तीन प्रश्नांत काम झालं. शेवटचा प्रश्न 'बाकी सगळे हजर' बद्दल विचारायचा: "ज्यांचं नाव लिहिलेलं नाही, ते त्या दिवशी नक्की आलेच होते ना?" हे वाक्य बऱ्याचदा सवयीने लिहिलेलं असतं. सुपरवायझर स्वतः दोन दिवस बाहेर असेल, तर त्या दोन दिवसांचं त्यालाही ठाऊक नसतं. तो अडखळला, तर त्या तारखांच्या चौकटी गेटच्या वहीवरून भरा.

एवढं झाल्यावर शेवटी उरलेल्या कोऱ्या चौकटींत 'ह'. हा क्रम उलटा करू नका. आधी सगळीकडे 'ह' ओढून नंतर खाडे कोरत बसलात, तर विसरलेली नोंद 'ह' च्या खाली दडून राहते आणि कोणालाच दिसत नाही. कोरी चौकट निदान डोळ्यांना खटकते.

१८ ते २५ ऑगस्टचा तुकडा आता असा दिसतो. या महिन्यातला बराचसा गोंधळ याच आठ दिवसांत आहे:

| नाव | १८ सो | १९ मं | २० बु | २१ गु | २२ शु | २३ श | २४ र | २५ सो |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| संजय | ह | ह | ह | ह | ह | सा | ह | ह |
| वैशाली | र | र | र | र | ह | सा | ह | ह |
| इम्रान | ह | ह | ह | ह | ह | ह | ह | ब |
| दत्तू | ह | ह | ह | र | र | सा | गै | ह |
| प्रशांत | ह | ह | ह | ह | ह | सा | ह | ह |

एक्सेलमध्ये मांडणी

छापील मस्टर वापरत असाल तर हा भाग सोडून द्या. एक्सेलमध्ये A रकान्यात अनुक्रमांक, B मध्ये नाव, C पासून AG पर्यंत ३१ तारखा. तारखा तिसऱ्या ओळीत, वार चौथ्या ओळीत, माणसं पाचवीपासून नवव्या ओळीपर्यंत. तारखा हाताने टाइप करण्यापेक्षा पहिली तारीख देऊन पुढच्या ओढून घ्या:

```
C3: =DATE(2025,8,1)
D3: =C3+1
C4: =TEXT(C3,"ddd")
```

D3 AG पर्यंत उजवीकडे ओढा, C4 सुद्धा. तिसऱ्या ओळीला `d` हा फॉरमॅट दिला की फक्त दिवसाचा आकडा दिसेल. पुढच्या महिन्यासाठी C3 तेवढं बदलायचं. महिना ३० दिवसांचा असेल तर शेवटच्या रकान्यात पुढच्या महिन्याची १ तारीख उगवते. तो रकाना रिकामा करा, नाहीतर त्यातही कोणीतरी 'ह' भरतो.

बेरजा AH पासून पुढे:

```
AH5: =COUNTIF(C5:AG5,"ह")+COUNTIF(C5:AG5,"ह/र")/2
AI5: =COUNTIF(C5:AG5,"गै")
AJ5: =COUNTIF(C5:AG5,"र")+COUNTIF(C5:AG5,"ह/र")/2
AK5: =COUNTIF(C5:AG5,"सा")+COUNTIF(C5:AG5,"सु")+COUNTIF(C5:AG5,"ब")
AL5: =COUNTIF(C5:AG5,"—")
AM5: =SUM(AH5:AL5)
```

AH हजर, AI गैरहजर, AJ रजा, AK सगळ्या सुट्ट्या मिळून, AL रेघा आणि AM एकूण. आपल्या महिन्यात 'ह/गै' एकही नाही. तुमच्याकडे असेल तर AH आणि AI मध्ये त्याचाही अर्धा मिळवा.

AM मध्ये प्रत्येकासमोर ३१ यायलाच हवेत. ३० आले तर एक चौकट कोरी आहे किंवा एखादी खूण सूत्राला ओळखू येत नाही. `=COUNTBLANK(C5:AG5)` टाकून बघा. उत्तर शून्य आलं तर चौकट कोरी नाही, खूण चुकली आहे. बहुतेक वेळा 'ह' नंतर एक स्पेस पडलेली असते. डोळ्यांना ती दिसत नाही, COUNTIF मात्र 'ह' आणि स्पेस लागलेला 'ह' वेगळे मानतं. हा ताप टाळायचा असेल तर Data Validation मध्ये List निवडून खुणांची यादी द्या, म्हणजे दुसरं काही टाइपच होणार नाही.

आपल्या पाच जणांचं उत्तर असं येतं:

| नाव | हजर | गैरहजर | रजा | सुट्ट्या | रेघ | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| संजय | २३ | १ | ० | ७ | ० | ३१ |
| वैशाली | २० | ० | ४ | ७ | ० | ३१ |
| इम्रान | २३.५ | ० | ०.५ | ७ | ० | ३१ |
| दत्तू | २१ | १ | २ | ७ | ० | ३१ |
| प्रशांत | १६ | ० | ० | ५ | १० | ३१ |

बेरीज जुळली म्हणजे मस्टर बरोबर, असं नाही

३१ जुळले याचा अर्थ चौकटी भरल्या गेल्या, बरोबर भरल्या गेल्या असं नव्हे. संजयचा ११ चा खाडा चुकून १२ च्या चौकटीत गेला, तरी त्याचे ३१ च येतील. म्हणून उभी मोजणीही करा. दहाव्या ओळीत प्रत्येक तारखेखाली त्या दिवशीची हजर माणसं:

```
C10: =COUNTIF(C5:C9,"ह")+COUNTIF(C5:C9,"ह/र")/2
```

आपल्या मस्टरमध्ये ११ तारखेला ४ येतात, २१ ला ३, शनिवारी २३ ला १ आणि २४ ला ४. महिन्याच्या सगळ्या उभ्या बेरजा मिळून १०३.५, आणि हजरच्या आडव्या रकान्याची बेरीजही तेवढीच. दोन्ही आकडे त्याच चौकटींतून आलेले असल्यामुळे ते जुळण्याने फक्त सूत्रं नीट ओढली गेली एवढंच कळतं.

खरी पडताळणी बाहेरच्या नोंदीशी करायची. गेटची वही असेल तर उत्तमच. नसेल तर चहावाल्याची वही मागा. उधारीवर चहा येत असेल तर रोज किती कप गेले ते त्याच्याकडे तारखेने लिहिलेलं असतं आणि आपल्या पैशाचा प्रश्न असल्यामुळे तो चुकत नाही. पाहुणे, ट्रान्सपोर्टवाले यांच्यामुळे कप जास्त असू शकतात. पण मस्टरमध्ये पाच माणसं हजर आणि वहीत तीनच कप असं दिसलं, तर त्या दिवसाची चौकशी करा. सगळ्याच तारखा बघायची गरज नाही. ज्या दिवशी कोणीतरी नव्हतं आणि त्याच्या आधीचा-नंतरचा दिवस, एवढे बघितले तरी पुरतं. आपल्या उदाहरणात २१, २२ आणि २४ या तारखा आधी तपासा.

मग प्रिंट काढून सुपरवायझरची सही घ्या आणि मूळ चिठ्ठी, तुमची यादी आणि रजेचे अर्ज त्याच प्रिंटला टाचून फाइलला लावा. मेसेजवर आलेली चिठ्ठी फोनमध्येच ठेवली तर फोन बदलला की गेली, म्हणून तीही छापून घ्या. पगार झाल्यावर एखादी चूक निघाली, समजा संजयची रजा मागाहून मंजूर झाली, तर सही झालेल्या मस्टरमधला 'गै' खोडू नका. शेऱ्यात '११ ची रजा मंजूर, फरक सप्टेंबरच्या पगारात' असं लिहून मालकांची सही घ्या आणि सप्टेंबरच्या शेऱ्यातही तीच ओळ उतरवा.